एकशे तेवीस महिने

शहात्तर साली मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या कामगारांच्या पतपेढीत कारकून म्हणून लागले. बी.एस्सी.ला गणित घेतलेलं होतं, पण त्या गणिताचा तिथे काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पतपेढी म्हणजे गेटाजवळची पत्र्याची खोली. त्यात दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, एक काउंटर, आणि तारखेच्या शिक्क्यावर बसणारी कोळशाची राख. राख सगळीकडेच असायची. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी डबा उघडताना पुन्हा पुसावं लागे.

पतपेढीत आम्ही दोघंच होतो, मी आणि सेक्रेटरीसाहेब. ते जुन्या वळणाचे गृहस्थ होते, कमी बोलणारे. माझ्या हातची प्रत्येक बेरीज ते खालून वर पुन्हा करायचे. त्यांचा माझ्यावर अविश्वास होता असं नाही. ते स्वतःची बेरीजही तशीच तपासत.

कॅन्टीनमध्ये एक बाई कामाला होती. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचे. येवल्याकडची, सत्तेचाळीस वर्षांची, अंगाने काटक. नवरा याच केंद्रात होता, तो गेल्यावर तिला त्याच्या जागी कॅन्टीनमध्ये घेतलं होतं. मूलबाळ नव्हतं. क्वार्टरमध्ये ती आणि तिची धाकटी बहीण अशा दोघी राहत. बहीण चौतीस वर्षांची होती, पण तिची समज पाच-सहा वर्षांच्या पोरीइतकीच राहिली होती. आई मरताना तिचा हात मावशीच्या हातात देऊन गेली होती. मावशी कामावर असली की शेजारची एक म्हातारी तिच्याकडे बघायची. कधी कधी मावशी तिला कॅन्टीनमध्ये घेऊन यायची. मग ती कोपऱ्यात बसून मेथीची पानं खुडायची. एकेक पान, फार काळजीपूर्वक.

त्याच वर्षी एका गुरुवारी दुपारी मावशी काउंटरवर आली आणि म्हणाली, "ताई, पैसे काढायचा फॉर्म द्या."

"किती काढायचेत?"

"हायेत तेवढे सगळे."

तिच्या नावावर छत्तीसशे रुपये होते, नवऱ्याच्या फंडातले. दोन वर्षांत तिने त्यातला रुपया काढला नव्हता. मी फॉर्म दिला, पण हातातून सोडला नाही. विचारलं, "मावशी, काही आजारपण आहे का?"

तिने आजूबाजूला बघितलं. सेक्रेटरीसाहेब जेवायला गेले होते. मग ती स्टुलावर बसली आणि तिने पदराच्या गाठीतून एक पत्र काढलं. लांबच्या एका गावातल्या संस्थेचं होतं ते. अशा माणसांना कायमचं ठेवून घेणारी संस्था. एक जागा रिकामी होती. एकदाच साडेतीन हजार भरायचे, आणि तेही पुढच्या बुधवारपर्यंत पोचले पाहिजेत.

"धाकलीला तिथं ठिवते," ती म्हणाली. "दुसरा विलाज नाय."

मी म्हणाले, "पण ती तुमच्याशिवाय राहील?"

"नाय राहायची." ती सरळ माझ्याकडे बघत म्हणाली. "पण माझ्यामागं काय? आज मी हाय. दहा वर्सांनी रिटायर झाले की क्वार्टर जाईल. त्याच्यापुढं मी किती जगंल? आज जागा हाय, पुन्हा निघंल न निघंल."

मग तिने सगळं सांगितलं. येवल्याला तिची भाची होती, चुलत बहिणीची मुलगी. भाची मनाने चांगली. ती म्हणाली होती, मावशी, तुम्ही दोघी या, तुझ्यामागे मी धाकलीला सांभाळीन, पण आमच्या घरात एक हातमाग आणि पाच तोंडं आहेत, महिन्याला तिचं खाणंपिणं, औषधपाणी निघेल एवढं तरी काही पाहिजे. दोघींनी बसून महिन्याला सव्वादोनशे धरले होते. मावशीला कोणीतरी सांगितलं होतं की पतपेढीत तीस हजार ठेवले की नऊ टक्क्यांनी महिन्याला बरोबर सव्वादोनशे व्याज येतं आणि मुद्दल तसंच राहतं. ते खरंच होतं. तीस हजारांचं वर्षाचं व्याज सत्तावीसशे, महिन्याचे सव्वादोनशे.

"मंग मी हिसाब केला," ती म्हणाली. "पगारातून महिन्याला दीडशे टाकायचे. त्याच्यापेक्षा जास्ती एक रुपया निघत नाय. दीडशे म्हंजे वर्साला अठराशे. तीस हजाराला किती वर्सं? सोळा वर्सं आन् आठ महिने. फोरमनसायबाकडनं पण करून घेतला, तेवढाच आला. माझी नोकरी उरली दहा वर्सं चार महिने. बसत नाय ताई. कसं बी केलं तरी बसत नाय."

तिच्या बोटांवर पिठाचे डाग होते. त्या बोटांनी ती पत्राची घडी पुन्हा पुन्हा दाबत होती.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आकड्यांकडे नाही. मग एकदम लक्षात आलं. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही व्याज शेवटी धरलंत. तीस हजार झाल्यावर जे येईल ते. पण मधल्या वर्षांत जे दीडशे-दीडशे पडत जातील, त्यांना व्याज नाही लागणार?"

"लागंल की. पण ते किती? चिल्लर."

"चिल्लर नाही. आणि त्या व्याजालाही पुन्हा व्याज लागेल."

आमच्या पतपेढीत तेव्हा एक ठेव योजना होती. दरमहा पगारातून ठरलेली रक्कम कापायची, दरमहा शिल्लक रकमेवर पाऊण टक्का व्याज जमा करायचं, आणि खातं ज्या दराने उघडलं तोच दर शेवटपर्यंत ठेवायचा. किती वर्षांनी किती होतील असं विचारणारे सभासद पुष्कळ होते. त्याचं कोष्टक आमच्याकडे पाच वर्षांपर्यंतचं होतं. पण अमुक रक्कम हवी आहे, ती किती महिन्यांत होईल, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "मावशी, फॉर्म सोमवारी भरा. मला सोमवारपर्यंत वेळ द्या."

"सोमवार म्हंजे लय उशीर व्हईल का?"

"बुधवारच्या आत पैसे पोचतील. मनिऑर्डर नको, मी स्वतः ड्राफ्ट काढून माणसाबरोबर पाठवीन."

ती गेली. मी डबा तसाच बंद केला आणि कागद ओढला.

गणित कॉलेजात शिकलेलंच होतं, फक्त तिथे ते माणसांबद्दल नव्हतं. हव्या असलेल्या रकमेचं महिन्याचं व्याज घ्यायचं, म्हणजे सव्वादोनशे. त्याला महिन्याच्या हप्त्याने भागायचं. सव्वादोनशे भागिले दीडशे, दीड. त्यात एक मिळवला की अडीच. आता प्रश्न एवढाच उरतो, की दरमहा पाऊण टक्क्याने एका रुपयाचे अडीच रुपये व्हायला किती महिने लागतात? तेवढे महिने हप्ता भरला की तीस हजार होतात. महिने काढायचे तर अडीचच्या लॉगॅरिदमला एक दशांश शून्य शून्य पंचाहत्तरच्या लॉगॅरिदमने भागायचं.

टेबलाच्या खणात माझं शाळेतलं लॉगचं पुस्तक होतं. अडीचचा लॉग मिळाला, दशांश तीन नऊ सात नऊ. दुसरा आकडा फारच लहान होता, आणि माझं पुस्तक चारच अंकांचं. त्या आकड्याच्या जागी दशांश शून्य शून्य तीन दोन घ्यावं की तीन तीन, तेच कळेना. तीन दोन घेतलं तर भागाकार एकशे चोवीसच्या थोडा वर, म्हणजे एकशे पंचवीस महिने लागणार. तीन तीन घेतलं तर एकशे एकवीस महिने पुरे.

मावशीच्या नोकरीचे उरले होते एकशे चोवीस महिने.

खरं तर एक महिना कमी पडला असता तरी आभाळ कोसळणार नव्हतं. मुख्य गोष्ट केव्हाच समोर आली होती, की सोळा वर्षं आठ महिने हे उत्तर चुकीचं होतं आणि खरं उत्तर दहा वर्षांच्या आसपास होतं. पण या उत्तरावर एक बाई आपल्या बहिणीला ठेवणार की पाठवणार ते ठरवणार होती. तिला "साधारण" म्हणून सांगायचं मला धाडस होईना.

सेक्रेटरीसाहेब जेवून आले तेव्हा मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"लॉग मला कळत नाही," ते म्हणाले. "व्याजावर व्याज धरलंत?"

"हो."

"कपात महिनाअखेरची. म्हणजे पहिल्या हप्त्याला पहिल्या महिन्याचं व्याज नाही. ते धरलं नाहीत ना?"

"नाही धरलं."

"मग आकडा नक्की करा. बाईला खोटी आशा लावू नका," असं म्हणून ते आपल्या कामाला लागले. मला त्यांचा थोडा रागच आला.

शनिवारी अर्धा दिवस होता. दुपारी मी बसने नाशकात गेले, माझ्या जुन्या कॉलेजात. आमचे गणिताचे सर लायब्ररीतच सापडले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून सात अंकी लॉगचं जाडजूड पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं. "तू काढ," म्हणाले, "मी बघतो."

अडीचचा लॉग दशांश तीन नऊ सात नऊ चार शून्य शून्य. दुसरा दशांश शून्य शून्य तीन दोन चार पाच शून्य. मी भागाकार लिहून काढला. सरांनी आपला वेगळा केला. एकशे बावीस दशांश सहा. महिना अर्धा करता येत नाही, म्हणून एकशे तेवीस. दहा वर्षं तीन महिने.

"बसलं," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा झाला की लायब्ररीतल्या दोघातिघांनी मान वर केली.

सर हसले. "एकशे चोविसाव्या महिन्याचा हप्ता आइस्क्रीमला उरला," म्हणाले.

सोमवारी मी लवकर पोचले. सेक्रेटरीसाहेब माझ्याआधीच आले होते. त्यांनी फुलस्केपचे चार कागद माझ्यापुढे सरकवले. लाल रेघा मारलेले, हाताने आखलेले. पहिल्या ओळीत महिना एक, हप्ता दीडशे, शिल्लक दीडशे. दुसऱ्या ओळीत व्याज एक रुपया तेरा पैसे, हप्ता दीडशे, शिल्लक तीनशे एक रुपये तेरा पैसे. अशा ओळीवर ओळी. त्यांनी रविवारचा अख्खा दिवस बसून महिन्यामागून महिना मांडला होता. एकशे बाविसाव्या ओळीत शिल्लक होती एकोणतीस हजार सातशे पासष्ट. एकशे तेविसाव्या ओळीत तीस हजार एकशे अडतीस आणि वर काही पैसे. त्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

"लॉग मला कळत नाही," ते पुन्हा म्हणाले. "तुमचा आकडा किती आला?"

"एकशे तेवीस."

त्यांनी मान हलवली. तेवढंच. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते त्यांना आवडलं नसतं.

दहाच्या सुमाराला मावशी आली. बरोबर धाकटी होती, कारण शेजारची म्हातारी गावाला गेली होती. मी मावशीला स्टुलावर बसवलं आणि शेवटचा कागद तिच्यापुढे धरला. तिला अंक वाचता यायचे.

"एकशे तेवीस महिने, मावशी. दहा वर्षं आणि तीन महिने. तुम्ही स्वतः भरणार अठरा हजार साडेचारशे. बाकीचे साडेअकरा हजारांच्या वर व्याजाचे."

तिने आकड्यावर बोट ठेवलं. मग सेक्रेटरीसाहेबांकडे बघून म्हणाली, "सायेब, हे खरं हाय?"

"मी हाताने मांडलंय," साहेब म्हणाले. "फक्त एक महिनाही चुकवायचा नाही. आणि ते छत्तीसशे आहेत त्यांना हात लावायचा नाही. आजारपणाला राहू द्या, नाहीतर आजारपण आलं की हप्ता चुकेल."

मावशी रडली नाही. तिने पत्र काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि ते टाकायला जागा शोधू लागली. जागा सापडेना म्हणून शेवटी तिने ते माझ्याच हातात दिले. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "चल गं, मेथी निवडायची हाय."

त्या महिन्यापासून तिची कपात सुरू झाली.

पाच वर्षांनी एकदा ती घाबरी होऊन आली. पासबुकात अकरा हजार तीनशे होते. "ताई, निम्मी वर्सं सरली," ती म्हणाली, "पण निम्मे पैसे कुठं हायेत? पंधरा पायजे होते. कुठंतरी चुकलं."

मी कपाटातून साहेबांचे कागद काढले. साहेब तोवर निवृत्त झाले होते, पण कागद मी फाइलला लावून ठेवले होते. साठाव्या ओळीवर बोट ठेवलं. अकरा हजार तीनशे तेरा, वर काही पैसे. पासबुकात तेच.

"हे आधीपासूनच असं होतं, मावशी. पहिल्या वर्षी व्याज किती आलं होतं आठवतं? शहात्तर रुपये. तेव्हा शिल्लकच थोडी होती. आता महिन्यालाच पंच्याऐंशीच्या आसपास येतंय. पुढच्या पाच वर्षांत सतरा हजारांच्या वर वाढतील, हे बघा."

तिने एकशे विसाव्या ओळीपर्यंत बोट नेलं. एकोणतीस हजार सत्तावीस. मग मोठा श्वास सोडून म्हणाली, "तीन रात्री झोपले नाय, ताई. आधी यायला पायजे होतं."

पण जाता जाता तिने दुसरी एक गोष्ट विचारली, जी मला पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. "तवा सव्वादोनशे धरले होते. आता तेवढ्यात काय येतं? तेल बघा कुठं गेलंय."

ती बरोबर होती. आम्ही किती महिने लागतील ते काढलं, पण दहा वर्षांनी त्या पैशांत काय येईल ते धरलं नव्हतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. नशिबाने त्याच सुमाराला नव्या पगार करारात तिचा पगार वाढला होता. आम्ही दोघींनी बसून पुन्हा हिशोब केला, आणि तिने महिन्याला शंभराचं दुसरं खातं उघडलं. पाच वर्षांत त्याचे साडेसात हजार होणार होते. सव्वादोनशेचे पावणेतीनशेच्या वर जाणार होते. थोडे होते, पण भाचीला ते चालणार होते. तिचा माग तोवर बरा चालायला लागला होता. ती म्हणाली होती, "उरलेलं मी बघते, मावशी, तू जिवाला लावून घेऊ नको."

मधल्या वर्षांत एकदा संप झाला आणि दोन महिने पगार नाही. मावशीने छत्तीसशेतून काढून हप्ते रोखीने आणून भरले. साहेबांनी पहिल्या दिवशी ते पैसे बाजूला का ठेवायला लावले, ते मला तेव्हा कळलं.

शहाऐंशीच्या शेवटाला एकशे तेविसावी कपात झाली. मी पासबुकात नोंद केली, तीस हजार एकशे अडतीस. पैशांचा फरकही नव्हता. मी कॅन्टीनमध्ये जाऊन मावशीला दाखवलं. ती कढईसमोर उभी होती. तिने हात पुसले, पासबुक कपाळाला लावलं, आणि कुणाला तरी म्हणाली, "दोन मिन्टं बघ रे भजी." मग मागच्या दाराबाहेर जाऊन बसली. मीही जाऊन शेजारी बसले. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मी त्या दहा वर्षांत तिला रडताना पहिल्यांदाच बघत होते, आणि मलाही रडू आलं. माझ्या डोक्यावरचंही ओझं तेव्हाच उतरलं. एका सकाळी मी एका बाईला एक आकडा सांगितला होता आणि तिने त्यावर दहा वर्षं घालवली होती. तो चुकला असता तर काय झालं असतं, हा विचार मी इतकी वर्षं कुणाला बोलून दाखवला नव्हता.

पुढच्या महिन्यात ती निवृत्त झाली. दोन्ही खात्यांचे पैसे तिने व्याज दरमहा मनिऑर्डरने जाईल अशा ठेवीत ठेवले. तिच्यामागे बहिणीसाठी भाचीला व्याज मिळावं असा कागदही केला. निघायच्या दिवशी मी त्यांना नाशिकरोडच्या स्टँडवर सोडायला गेले. दोन ट्रंका, एक वळकटी, एक पितळी पातेलं. धाकटी आता पंचेचाळिशीला आली होती, केस पांढरे व्हायला लागले होते. तिला खिडकी हवी होती, मावशीने खिडकी दिली.

येवल्याची गाडी सुटताना मावशी आतून म्हणाली, "ताई, हिला ठाऊकच नाय आपण कायकाय केलं ते."

"काय बिघडलं?" मी म्हणाले.

"कायच नाय," ती म्हणाली आणि हसली. धाकटी दोन्ही हातांनी मला टाटा करत होती. गाडी वळेपर्यंत करत होती.